बायबॅकच्या ठरावावर मत देण्याआधी पाटी-पेन्सिल घ्या

शेअर बाजारात नोंद नसलेल्या एखाद्या जुन्या कंपनीचे थोडे शेअर तुमच्या घरी पडून असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. असे शेअर विकायला बाजार नसतो. म्हणून एक दिवस कंपनीचे पत्र येते, ‘आम्ही आमचेच शेअर ५० रुपये दराने परत घेत आहोत’ असे त्यात लिहिलेले असते, आणि आपण हरखून जातो. सोबत सर्वसाधारण सभेची नोटीस असते, नोटिशीला दोन-चार पानी स्पष्टीकरण जोडलेले असते. ते कोणी वाचत नाही. माझी विनंती आहे की वाचा. त्यात दिलेल्या पाच-सहा आकड्यांवरून कंपनी कायद्यात बसणारी गोष्ट करते आहे की नाही, हे तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवू शकता.

आधी एवढे लक्षात घ्या, की कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेणे ही मुळात कायद्याला न रुचणारी गोष्ट आहे. कंपनीला उधार देणारा माणूस भागधारकाच्या घरादारावर जाऊ शकत नाही. त्याला आधार असतो तो कंपनीत गुंतलेल्या भांडवलाचा. तेच भांडवल भागधारकांना परत वाटून टाकले तर धनकोने बघायचे कोणाकडे? १८८७ साली ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच सांगितले आणि आपल्याकडचा कायदाही तीच वाट चालत राहिला. भारतात बायबॅकचे दार उघडले ते ३१ ऑक्टोबर १९९८ च्या अध्यादेशाने. आज कंपनी कायदा २०१३ ची ६८, ६९ आणि ७० ही कलमे बायबॅकची, आणि ६६ वे कलम भांडवल कपातीचे. बायबॅकला कोणा न्यायाधिकरणाची परवानगी लागत नाही, कपातीला लागते. असे का, हे पुढच्या गणितातून आपोआप उलगडेल.

एक कल्पित कंपनी घेऊ. दर्शनी किंमत १० रुपये असलेले तिचे ४० लाख शेअर आहेत, सगळे पूर्ण भरणा झालेले. म्हणजे भरणा झालेले भांडवल ४०० लाख रुपये. सर्वसाधारण राखीव निधी ५०० लाख, सिक्युरिटीज प्रीमियम २०० लाख, नफा-तोटा खात्यातली शिल्लक ३०० लाख. शिवाय जमिनीचे नव्याने मूल्यांकन करून दाखवलेला पुनर्मूल्यांकन राखीव निधी २५० लाख. बँकांची आणि इतरांची, तारणी व बिनतारणी मिळून कर्जे २,२०० लाख. कंपनीला ५० रुपये दराने शेअर परत घ्यायचे आहेत. प्रश्न एकच आहे: जास्तीत जास्त किती शेअर घेता येतील?

कायदा इथे तीन वेगवेगळ्या मर्यादा घालतो आणि त्यातली सगळ्यांत लहान तीच खरी.

पहिली मर्यादा सोपी. एका आर्थिक वर्षात समभागांच्या भरणा झालेल्या भांडवलाच्या २५ टक्क्यांहून जास्त समभाग परत घेता येत नाहीत. ४० लाखांचे २५ टक्के म्हणजे १० लाख शेअर.

दुसरी मर्यादा पैशाची. भरणा झालेले भांडवल आणि खुला राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपलीकडे रक्कम खर्चता येत नाही. पहिला सापळा इथेच आहे. खुला राखीव निधी म्हणजे ज्यातून लाभांश वाटता येईल तो. बायबॅकपुरता सिक्युरिटीज प्रीमियमही त्यात धरायला कलम ६८ मुभा देते, पण पुनर्मूल्यांकनाचा निधी धरता येत नाही. जमिनीचा भाव कागदावर वाढला, हातात काही आले नाही, म्हणून तो बाहेर. तर ५०० अधिक २०० अधिक ३०० म्हणजे १,००० लाख, त्यात भांडवलाचे ४०० मिळवून १,४०० लाख. त्याचे २५ टक्के ३५० लाख. ५० रुपयांनी भागले की ७ लाख शेअर. कोणी पुनर्मूल्यांकनाचे २५० लाख चुपचाप बेरजेत सरकवले असते, तर हाच आकडा सव्वाआठ लाख शेअर झाला असता. म्हणून नोटिशीत ‘राखीव निधी’ असा एकच ठोकळ आकडा दिसला, तर त्याची फोड मागा.

तिसरी मर्यादा कर्जाची आहे आणि बहुतेकांची गाडी इथे अडते. बायबॅक झाल्यानंतर कंपनीचे एकूण कर्ज हे भरणा झालेले भांडवल अधिक खुला राखीव निधी यांच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. ‘झाल्यानंतर’ या शब्दाकडे नीट बघा. आजची स्थिती तपासून भागत नाही, पैसे देऊन झाल्यावरची तपासायची आहे. कर्ज २,२०० लाख, तर दुपटीच्या अटीसाठी नंतर किमान १,१०० लाख शिल्लक राहिले पाहिजेत. आज आहेत १,४००. म्हणजे ३०० लाख कमी झाले तरी चालेल.

आता घाईत कोणीही म्हणेल, ३०० लाख भागिले ५० रुपये, झाले ६ लाख शेअर. हे उत्तर चूक आहे, आणि त्यामागचे कारण हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

एक शेअर परत घेताना नेमके काय होते ते पाहू. ५० रुपये बाहेर जातात. त्यातले १० रुपये भांडवलातून कमी होतात, कारण तो शेअर आता रद्द झाला. उरलेले ४० रुपये दर्शनी किमतीवरचा अधिमूल्याचा भाग, तो राखीव निधीतून कमी होतो. इथवर ५० चा हिशेब लागला. पण कलम ६९ आणखी एक गोष्ट करायला लावते. शेअर राखीव निधीतून किंवा प्रीमियममधून परत घेतले असतील, तर रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम उचलून ‘कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह’ नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. या खात्यातून लाभांश देता येत नाही. भागधारकांना पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर द्यायलाच ते वापरता येते. लाभांशासाठी बंद झालेला निधी हा खुला निधी राहिला नाही, म्हणून तो कर्जाच्या कसोटीतूनही गळतो. परिणामी प्रत्येक शेअरमागे कसोटीतला आकडा ५० ने नव्हे, ६० ने घटतो: १० भांडवलाचे, ४० अधिमूल्याचे आणि १० या बंद खात्यात सरकलेले.

तर ३०० लाख भागिले ६० म्हणजे ५ लाख शेअर. तीन मर्यादांनी आकडे दिले १० लाख, ७ लाख आणि ५ लाख. उत्तर ५ लाख. कंपनी याहून एकही शेअर जास्त घेऊ शकत नाही.

पडताळून पाहू. ५ लाख शेअर, ५० रुपयांनी, २५० लाख रुपये बाहेर. भांडवल ४०० वरून ३५० लाख. अधिमूल्य २०० लाख, नेमका तेवढाच सिक्युरिटीज प्रीमियम होता, तो संपला. सर्वसाधारण निधीतून ५० लाख नव्या बंद खात्यात, तो ४५० वर आला. नफा-तोटा शिल्लक ३०० तशीच. भांडवल ३५०, खुला निधी ७५०, मिळून १,१०० लाख. कर्ज २,२०० लाख. बरोबर दुप्पट. आणि तो ६ लाख शेअरचा हिशेब? तेव्हा उरले असते १,०४० लाख, म्हणजे कर्ज २.१२ पट. कायदा मोडला असता. परीक्षेला बसणारी मुले इथे हमखास घसरतात, पण घसरणारे केवळ तेच असतात असे नाही.

आता तो बंद खात्याचा आकडा भांडवलाशेजारी ठेवा. नवे भांडवल ३५० लाख आणि कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह ५० लाख, मिळून ४०० लाख. म्हणजे जिथे होतो तिथेच. शेअर कमी झाले, पैसे गेले, पण भांडवल आणि हे बंद खाते मिळून धनकोचा आधार असलेली रक्कम एका पैशाने घटली नाही. जे गेले ते सगळे अशा निधीतून गेले, जो एरवी लाभांश म्हणून वाटता आला असता किंवा प्रीमियम म्हणून पडून होता. म्हणूनच बायबॅकसाठी धनकोंना विचारावे लागत नाही की न्यायाधिकरणापुढे जावे लागत नाही. कायद्याने भांडवल कमी करण्याची परवानगी दिली, पण त्याची जागा भरून काढायची अट आधीच लावून ठेवली. शेअर परत घ्यायला कंपनीने वेगळ्या प्रकारच्या शेअरची नवी विक्री करून पैसा उभा केला असेल, तर तेवढ्यापुरते हे बंद खाते लागत नाही, कारण जागा नव्या भांडवलाने भरलेलीच असते. त्याच प्रकारच्या शेअरच्या आधीच्या विक्रीतला पैसा मात्र वापरता येत नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. राखीव निधी १,००० लाख आहे याचा अर्थ बँकेत १,००० लाख आहेत असा नाही. तो निधी यंत्रांत, मालात, उधारीत अडकलेला असू शकतो. आपल्या कंपनीला २५० लाख रोख लागणार आहेत. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज काढून बायबॅक करायला नियमांनीच मनाई आहे. नोटिशीत पैशाचा स्रोत लिहिलेला असतो. ताळेबंदातली रोख व बँक शिल्लक तिथे जुळते का, तेवढे पाहा. जुळत नसेल तर विचारा, पैसा येणार कुठून?

प्रक्रियेच्या अटी थोडक्यात सांगतो. बायबॅकची तरतूद कंपनीच्या नियमावलीत असली पाहिजे. भांडवल आणि खुल्या निधीच्या १० टक्क्यांपर्यंतचे काम संचालक मंडळ स्वतःच्या ठरावाने करू शकते. आपल्या कंपनीत ही रक्कम १४० लाख, म्हणजे ५० रुपयांच्या दराने २ लाख ८० हजार शेअर. त्यापलीकडे सभेत विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश. ठरावापासून वर्षाच्या आत सगळे पूर्ण करायचे. किमान दोन संचालकांनी, व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्यातला एक तो, शपथेवर लिहून द्यायचे की कंपनी आपली देणी भागवू शकते आणि वर्षभरात दिवाळखोर होणार नाही. परत घेतलेले शेअर सात दिवसांत नष्ट करायचे, सहा महिने तशाच प्रकारचे नवे शेअर काढायचे नाहीत (बोनस आणि आधीची बांधिलकी सोडून), आणि पुढचा बायबॅक वर्षभर नाही. ठेवी, डिबेंचर, लाभांश किंवा बँकेचे मुदत कर्ज यांची परतफेड थकलेली असेल, तर बायबॅक मुळीच नाही. थकबाकी फेडून तीन वर्षे लोटली तरच पुन्हा मुभा.

तुमचे २,००० शेअर असतील, तर त्यातले किती जातील? कंपनी ४० लाखांतले ५ लाख घेते आहे, म्हणजे आठात एक. सगळ्यांनी सगळे शेअर दिले तर तुमचे २५० घेतले जातील आणि १२,५०० रुपये हाती येतील. इतरांनी कमी दिले तर तुमचे जास्त जातील. त्यावरच्या कराचे नियम अलीकडे पुन्हापुन्हा बदलले आहेत, तेव्हा त्या वर्षीचा नियम तुमच्या सीएला विचारूनच पत्रावर सही करा.

पण माझ्या मते रकमेपेक्षा महत्त्वाचा हिशेब वेगळाच आहे आणि तो नोटिशीत ठळक लिहिलेला नसतो. समजा आपल्या कंपनीत प्रवर्तक घराण्याकडे २७ लाख शेअर आहेत, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. त्यांनी आपले शेअर दिले नाहीत आणि ५ लाख शेअर पूर्णपणे बाहेरच्या भागधारकांकडून आले. आता कंपनीचे एकूण शेअर ३५ लाख, त्यांतले २७ लाख घराण्याचे. टक्केवारी झाली ७७.१४. घराण्याने एक रुपया खर्च केला नाही, शेअरही विकत घेतला नाही, आणि तीन चतुर्थांशाची रेषा ओलांडली. आधी बाहेरच्या सगळ्यांनी येऊन विरोधी मत दिले असते तर विशेष ठराव अडला असता. आता सगळे आले तरी अडत नाही.

हे का सांगतो? कारण भांडवल कपातीला लागतो तोही विशेष ठरावच.

भांडवल कपात म्हणजे कलम ६६. तिथे बंद खात्याची अट नाही. भांडवल खरोखरच घटते आणि धनकोचा आधार खरोखरच आखूड होतो. म्हणून ठरावापाठोपाठ राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. डिसेंबर २०१६ पर्यंत हे काम उच्च न्यायालयाकडे होते. कंपनीने ठेवींची किंवा त्यांवरच्या व्याजाची परतफेड थकवली असेल तर अर्जच चालत नाही. न्यायाधिकरण केंद्र सरकारला, कंपनी निबंधकाला, नोंदलेली कंपनी असेल तर सेबीला आणि धनकोंना नोटीस देते. तीन महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर हरकत नाही असे समजले जाते. कंपनीला उधार माल देणाऱ्या छोट्या पुरवठादारांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. त्या पाकिटाला उत्तर न देणे म्हणजे होकार देणे.

कपातीचे रूप कधी निरुपद्रवी असते. समजा दुसऱ्या एका कंपनीचे भांडवल ४०० लाख आहे, खुला निधी शून्य आणि साचलेला तोटा २४० लाख. इथे बायबॅकचा प्रश्नच नाही, कारण द्यायला निधीच नाही. पण ४०० लाखांतले २४० लाख कधीच बुडाले आहेत, कागदावर मात्र ते अजून उभे आहेत. कंपनी १० रुपयांचा शेअर ४ रुपयांचा करते, ४० लाख गुणिले ६ म्हणजे २४० लाख, तोटा पुसला जातो आणि भांडवल १६० लाख उरते. कोणाच्या हाती पैसा आला नाही, कोणाचा हिस्साही घटला नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. फक्त पुढे नफा झाला की लाभांशाआधी भरून काढायचा जुना तोटा उरत नाही, हे धनकोंनी ध्यानात घ्यावे.

दुसरे रूप बोचणारे असते. कंपनी काही ठरावीक भागधारकांचेच शेअर, पैसे देऊन, रद्द करते. बायबॅकमध्ये ‘मी देत नाही’ म्हणण्याची तुम्हाला सोय आहे. इथे ठराव झाला आणि मंजुरी मिळाली की तुमचे शेअर गेले, तुमची इच्छा असो वा नसो. पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीने प्रवर्तक सोडून बाकीच्यांचे शेअर असेच रद्द करायचे ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ साली ते मान्य केले, कारण रास्त किंमत दिली जात होती आणि बाहेरच्या भागधारकांतल्या बहुसंख्यांनीही बाजूने मत दिले होते. यातली दोन्ही कारणे तुमच्या उपयोगाची आहेत. बाहेरच्या भागधारकांची मते न्यायालय वेगळी पाहते, आणि किंमत रास्त आहे का हेही पाहते. कॅडबरी इंडियाच्या कपातीत सुरुवातीला १,३४० रुपये देऊ केले होते. काही भागधारक हरकत घेऊन उभे राहिले, नव्याने मूल्यांकन झाले आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली किंमत होती २,०१४ रुपये ५० पैसे.

म्हणून बायबॅकची नोटीस आली की कंपनी सचिवांना एक साधे पत्र लिहा. खुल्या राखीव निधीची फोड मागा, बायबॅकनंतरचे कर्जाचे प्रमाण आकड्यांत मागा, ५० रुपये हा दर कोणत्या मूल्यांकनावरून काढला ते विचारा, आणि प्रवर्तक आपले शेअर देणार आहेत का व त्यानंतर त्यांचा हिस्सा किती होईल, हे लेखी घ्या. उत्तर हाती आल्यावर वरची तीन गणिते त्यांच्या आकड्यांवर करून पाहा. प्रवर्तकांचा हिस्सा तीन चतुर्थांशाच्या पलीकडे जात असेल, तर ज्या ज्या भागधारकांना तुम्ही ओळखता त्यांना फोन करा आणि सभेला जा. जाता येत नसेल तर प्रतिनिधीचा अर्ज भरून सभेच्या वेळेआधी किमान ४८ तास कंपनीकडे पोचवा.